मदत हवी आहे: गुडघा पिळवटला, टम्म सुजलाय, थेट एमआरआय काढू का?

पिंपरीचा_भिडू
काल रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना डावा गुडघा पिळवटला. आता भोपळ्यासारखा सुजलाय आणि ठणकतोय. सकाळी जवळच्या दवाखान्यात एक्सरे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि चार दिवस आराम करा एवढंच. हाड ठीक असेल तर एवढी सूज कशाची? मित्र म्हणतोय वेळ घालवू नको, थेट एमआरआय काढ. पुढच्या रविवारी आमची सेमी फायनल आहे, तोवर बरा होईल का? आणि बर्फ किती वेळ ठेवायचा? जरा लवकर सांगा, पडून पडून डोकं उठलंय.

सुलभाताई_सातारा
अरे बाळा, आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप लाव, वर एरंडाचं पान बांध. आणि रात्री तिळाचं तेल कोमट करून चांगलं चोळून घे. आमच्या ह्यांचा पाय असाच मुरगळला होता, दोन दिवसांत चालायला लागले.

फिजिओ_कोल्हापूर
ताई, पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि गरम काहीही नको. आत रक्तस्राव चालू असेल तर चोळल्याने तो वाढतो. लेप थंड झाल्यावर लावला तर भांडण नाही माझं, पण चोळू नका.

भिडू, तुम्ही महत्त्वाचंच लिहिलं नाहीये. सूज कधी आली, लगेच तासा-दोन तासांत की सकाळी उठल्यावर दिसली? पिळवटला तेव्हा आतून काही आवाज आला? त्यानंतर खेळलात का, निदान चार पावलं टाकता आली का? आणि आता पाय पूर्ण सरळ होतो का? वय आणि चालू असलेल्या गोळ्याही सांगा, रक्त पातळ करणारी एखादी असेल तर वेगळा विचार करावा लागतो.

पिंपरीचा_भिडू
वय ३१, कुठलीही गोळी चालू नाही. दुसरी रन घ्यायला वळलो तेव्हा बूट टर्फमध्ये अडकला आणि अंग फिरलं, पाय तिथेच. कट् असा आवाज आला, नॉन स्ट्रायकरला पण ऐकू गेला म्हणतो. मग बसलोच, खेळलो नाही. लंगडत रिक्षापर्यंत गेलो. घरी पोचेपर्यंत ट्रॅक पँट गुडघ्यावर घट्ट झाली होती. सरळ होत नाही पूर्ण, थोडा वाकडाच राहतो. पण मूळ प्रश्न तोच, एमआरआय काढू का नको?

रेडर_सांगली
भावा, कट् आवाज आणि लगेच सूज, मला पुढचं ऐकायचीच गरज नाही. माझं डिट्टो असंच झालं होतं, चढाईत कोपरारक्षकाने पाय पकडला आणि मी वळलो. एक्सरे नॉर्मल. तीनेक आठवड्यांत सूज उतरली, पळायला पण लागलो, मग सगळे म्हणाले चल खेळ. मॅचमध्ये पहिल्याच चढाईला गुडघा निसटला, म्हणजे मांडी एकीकडे आणि नडगी एकीकडे गेल्यासारखं झालं. एसीएल, म्हणजे मांडी आणि नडगीचं हाड आतून धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलंच होतं, त्यात आतली गादी पण फाटली. ऑपरेशन, मग वर्ष गेलं. आजच एमआरआय काढ. आणि सेमी फायनल विसर.

मंदार_ठाणे
एक्सरे सुद्धा उगाच काढला. मऊ भागाची दुखापत एक्सरेत दिसतच नाही, नुसते पैसे घेतात. क्रेप बँडेज, बर्फ, आठ दिवस आराम, विषय संपला. प्रत्येक मुरगळीला एमआरआय काढायला लागलो तर झालं.

फिजिओ_कोल्हापूर
मंदार, अर्धं बरोबर आहे तुमचं. एक्सरेत लिगामेंट दिसत नाही, खरं. पण तो मोडलेलं हाड बघायला काढतात. त्याचे ठरलेले नियम आहेत, कॅनडात ओटावाला तयार झालेले. वय ५५ किंवा जास्त, वाटीवरच दाबून दुखणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जो हाडाचा गोळा लागतो तिथे दुखणं, ९० अंशापर्यंत न वाकणं, किंवा चार पावलंही टाकता न येणं, यातलं एक जरी असलं तरी एक्सरे काढायचा. इतका फुगलेला गुडघा ९० अंशात वाकत नसणारच, त्यामुळे एक्सरे योग्यच होता.

भिडू, तुमच्या केसमध्ये मला खटकतंय ते सूज आलेली वेळ. गादी थोडी फाटली किंवा नुसती लचक असली तर पाणी हळूहळू साठतं, माणूस सकाळी उठून बघतो तर गुडघा जड. तासा-दोन तासांत टम्म झाला की बहुतेक वेळा आत रक्त असतं, आणि पाय जमिनीत रुतून अंग फिरलं, आवाज आला, अशा माणसात त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण एसीएल. नक्की आहे असं नाही म्हणत, वाटी सरकून परत बसली तरी असंच होतं. पण "चार दिवस आराम करा आणि विसरा" ही केस नाही. गुडघ्याचं काम करणाऱ्या ऑर्थोला एक-दोन दिवसांत दाखवा.

एमआरआयबद्दल रेडरशी माझं थोडं जमत नाही. आधी हाताने तपासणी. एसीएलसाठी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, ती किती सरकते आणि शेवटी टक्कन थांबते का ते कळतं. सुजलेल्या दिवसांत माणूस दुखण्याने मांडी आवळून धरतो, त्यामुळे नीट कळत नाही, म्हणून आठवडा-दहा दिवसांनी परत तपासतात. एसीएलचं ऑपरेशन सुजलेल्या आखडलेल्या गुडघ्यावर सहसा करत नाहीत, तो नंतर कडक राहतो. म्हणजे एमआरआय आज काढला की पाच दिवसांनी, उपचार तेवढ्याने पुढे जात नाहीत.

रेडर_सांगली
सर, पण मला पण "नंतर बघू" असंच सांगितलं होतं आणि नंतर कोणी बघितलंच नाही. पोरं सूज उतरली की डॉक्टरकडे फिरकत नाहीत. कागद हातात असला की निदान घरचे तरी खेळू देत नाहीत. माझे साडेपाच हजार गेले होते, ऑपरेशनच्या मानाने काहीच नाही.

फिजिओ_कोल्हापूर
हा मुद्दा मान्य. मॅटवरची पोरं तीन आठवड्यांनी स्वतःच स्वतःला फिट ठरवतात, हे मी पण बघतो.

उषा_नाशिक
माझ्या आईचे दोन्ही गुडघे सुजतात, वय ६८, डॉक्टर वाट्या बदला म्हणतात. करावं का? कोणाचा अनुभव?

मंदार_ठाणे
ताई, इथे एका पोराचा मार लागलेला गुडघा चाललाय, तुमचं झिजेचं आहे. वेगळा धागा काढा, उत्तरं मिळतील.

न्यूजर्सीकर
बर्फ लावू नका! राइस, म्हणजे आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा शब्द १९७८ मध्ये ज्या डॉ. गेब मर्किन यांनी आणला त्यांनीच २०१४ ला सांगितलं की बर्फाने आणि पूर्ण आरामाने बरं व्हायला उशीर होऊ शकतो. इकडे आता हलका भार द्या, हलवा, असं सांगतात.

पिंपरीचा_भिडू
आता काय करू मग? एक जण लाव म्हणतो एक जण लावू नको. मी सकाळपासून फ्रीजरमधली बर्फाची पिशवी तासभर ठेवतोय, कातडी लाल होऊन बधिर झालीये.

फिजिओ_कोल्हापूर
तासभर नको!! कातडी भाजते बर्फानेसुद्धा. ओला पंचा मधे घालून १५ ते २० मिनिटं, मग दोन-तीन तास काही नाही. मर्किन यांचं ते खरं आहे, बर्फाने जखम लवकर भरते असा दावा कोणी करू नये. पण ठणका कमी होतो, आणि ठणका कमी झाला की मांडी सैल पडते, पाय सरळ करता येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं मी देतो.

क्रेप बँडेज सहा इंची घ्या. पोटरीच्या मध्यापासून सुरुवात करून वर मांडीच्या मध्यापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. फक्त गुडघ्यावरच गुंडाळलं की पोटरी आणि पाऊल सुजतं. बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा, रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा. मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळी पडली तर लगेच सोडा. झोपताना काढून ठेवा.

आणि उशी गुडघ्याखाली घेताय का? बरं वाटतं म्हणून सगळे घेतात आणि गुडघा वाकडाच बसतो. उशा टाचेखाली आणि पोटरीखाली घ्या, गुडघा मधे मोकळा, पाऊल छातीपेक्षा वर.

आता दोन गोष्टी तपासून सांगा. पाय सरळ होत नाही तो दुखून ताणल्यासारखा थांबतो की एका जागी कशाला तरी अडकल्यासारखा टक्कन? अडकत असेल तर फाटलेली गादी मधे आलेली असू शकते, तिथे मात्र थांबायचं नाही, एमआरआय लगेच. दुसरं, पाठीवर झोपून टाच अंथरुणावरून उचलता येते का? अजिबात नाही आली तर वाटीची शीर तुटली असू शकते, तीही घाईची. ताप येऊन गुडघा लाल गरम झाला, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पिंपरीचा_भिडू
टाच उचलता येते, थरथरते पण येते. अडकत नाही, ताण बसून थांबतो. ताप नाही. उशी गुडघ्याखालीच होती, काढली.

सुलभाताई_सातारा
चोळू नको मग बाळा, हे बघ सर सांगतायत. पण दूध-हळद घे.

पिंपरीचा_भिडू
अपडेट. ऑर्थोकडे जाऊन आलो. गुडघा इतका ताठला होता की त्यांनी सुईने ओढून काढलं, सगळं लाल रक्त, मोठी सिरिंज भरली. मग ते रक्त ट्रेमध्ये ओतून बॅटरीच्या उजेडात बघत बसले, तेलाचे थेंब तरंगतायत का ते. तसे दिसले तर हाडाला बारीक चीर असते म्हणे, एक्सरेत न दिसलेली. माझ्यात नव्हते. ओढल्यावर पाय एकदम हलका झाला. नडगी ओढून बघितली, दुसऱ्या पायापेक्षा ढिली वाटतेय पण तू घट्ट धरतोयस म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत तपासणार. एमआरआय लिहून दिलाय, त्या तपासणीआधी काढून आण म्हणाले. ब्रेस आणि कुबड्या दिल्या. सेमी नाही खेळणार, टीमला कळवलं.

रेडर_सांगली
सुईने काढायला नको होतं रे, जंतू जायची भीती असते. माझं काढलं नव्हतं, आपोआप जिरलं.

फिजिओ_कोल्हापूर
नीट स्वच्छता पाळून काढलं तर भीती फार थोडी, आणि एवढ्या ताठ गुडघ्यात आराम मोठा पडतो. काही सर्जन काढतात, काही नाही काढत, दोन्ही चालतं. मात्र आता ताप किंवा वाढता ठणका आला तर त्यांना त्याच दिवशी फोन करा.

नुसते पडून राहू नका. गुडघ्याच्या खाचेत टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. सुजलेल्या गुडघ्यात मांडी फार लवकर वाळते. कुबड्या असल्या तरी पाऊल जमिनीला टेकवा, झेपेल तेवढाच भार.

मंदार_ठाणे
एसीएल निघालंच तर ऑपरेशन करावंच लागतं का पण? माझा चुलतभाऊ ऑपरेशनशिवाय ट्रेक करतो.

फिजिओ_कोल्हापूर
करावंच असं नाही. सरळ चालणं, सायकल, साधे ट्रेक कित्येक जण मांडी मजबूत करून निभावतात. वळणं आणि अचानक थांबणं असलेले खेळ, कबड्डी, फुटबॉल, हे क्रिकेट, तिथे गुडघा निसटतो आणि दर वेळी गादीवर घाव बसतो. त्यामुळे पुढे काय खेळायचं आहे यावर बरंचसं ठरतं. रिपोर्ट आला की इथे टाका, नाव आणि नंबर झाकून.

पिंपरीचा_भिडू
टाकतो. उद्या सकाळची अपॉइंटमेंट मिळालीये. एमआरआयला ब्रेस काढावा लागेल का, त्याला लोखंडी पट्ट्या आहेत?

फिजिओ_कोल्हापूर
हो, काढावा लागेल. बरोबर कोणाला तरी न्या, परत बांधायला.