अनुभव धागा: नोटीस पिरियड आणि ‘स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ ही अट, ज्युनिअर पोरांना कशी समजावता?

वाळूज_एचआर

आज एका पोरानं अपॉइंटमेंट लेटर दाखवलं आणि एचआरच्या टेबलावरून रोज जाणारे असले कागद आठवले. म्हणून धागा काढतोय. तुमच्याकडे कोणी असं लेटर घेऊन आलं तर काय सांगता, ते लिहा.

पोरगा वाळूजला क्वालिटीत आहे, दोन वर्षं झाली, कन्फर्म आहे. शेंद्र्याच्या कंपनीची ऑफर आली, तीही तसलेच पार्ट बनवते. लेटर अकरा पानांचं, पण त्याच्या कामाची कलमं दोनच.

पहिलं नोटीसचं. ‘कन्फर्मेशननंतर ९० दिवसांची नोटीस, किंवा कंपनीच्या मर्जीनुसार तेवढ्या दिवसांचा पगार.’ पोरांना वाटतं पैसे भरले की सुटलो. पण ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ हे दोन शब्द असले की लेटरप्रमाणे पैसे घेऊन सोडायचं की नाही, हे कंपनी ठरवते. ‘दोन्हीपैकी कोणीही’ असं लिहिलेलं असेल तर मात्र पोरगा स्वतः पैसे भरून निघू शकतो.

दुसरं कलम असं: ‘नोकरीत असताना आणि सोडल्यावर १२ महिने, १०० किलोमीटरच्या आत स्पर्धक कंपनीत काम करणार नाही.’ म्हणजे जालनाही गेलंच त्यात. हे एक वाक्य दिसतं, पण त्यात दोन वेगळ्या अटी आहेत. ‘नोकरीत असताना’ ही चालते. ‘सोडल्यावर १२ महिने’ ही करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे कोर्टात टिकत नाही.

मी त्याला कागदावर एवढंच लिहून दिलं: ‘शेंद्र्याला जाता येतं. पण रिलीव्ह होण्याच्या आधी एक दिवसही तिथं कामाला जायचं नाही. ९० दिवसांतले किती भरायचे आणि बाकीचे कसे मिटवायचे, हे राजीनामा देतानाच लेखी घे.’

शिफ्ट_बी

कलम २७ आहे म्हणजे सगळंच रद्द ना भौ. बिनधास्त राजीनामा मेल कर आन दुसऱ्या दिवशी जॉइन हो. काय करू शकत न्हाईत ते.

वकीलकाका_जालना

शिफ्ट बी, अर्धं बरोबर आहे तुझं, पण दुसऱ्या अर्ध्यात पोरगा अडकेल.

कलम २७ नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला लागतं. नोटीस पिरियड म्हणजे नोकरी चालूच. १९६७ चा गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघ. टायरच्या धाग्याच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, पाच वर्षांचा करार, मध्येच सोडून तसलंच काम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीत गेला. कोर्टानं कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तिथं जायला मनाई कायम ठेवली. म्हणजे असली माणसं कोर्टापर्यंत नेली गेलीत, फक्त मोठे मॅनेजर नव्हे.

उलट बाजू २००६ च्या झहीर खानच्या निकालात आहे. त्याचा मॅनेजमेंट कंपनीशी असलेला करार संपला होता. करार संपल्यावरही चालणारी अट कलम २७ खाली रद्द धरली.

आणि जबरदस्तीनं कामावर बसवता येत नाही, हेही खरं. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट माणसाकडून राबवून घेत नाही. कंपनीला फार तर पैसे मागता येतात.

नांदेडकर_आई

माझ्या पोराचं ओरिजनल मार्कशीट कंपनीत ठेवून घेतलंय, एक लाखाचा बाँड आहे दोन वर्षाचा, दीड झालंय. त्याला पण कलम २७ लागतं का? तो रोज रडायलाय फोनवर.

वकीलकाका_जालना

ताई, बाँडचा प्रश्न वेगळा आहे. बाँड ‘दुसरीकडं जाऊ नको’ म्हणत नाही, ‘आधी गेलास तर एवढे पैसे दे’ म्हणतो. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बाँड टिकवला. भरतीचा खर्च आणि मधेच जागा रिकामी पडणं हे कारण धरलं. ती सरकारी बँक होती, त्यामुळे प्रत्येक खाजगी कंपनीला तेच जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. कलम ७४ प्रमाणे बाँडवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट वाजवी वाटेल तेवढंच देतं. दीड वर्षं भरलंय आणि ट्रेनिंगवर खरा खर्च काय झाला, हे दोन्ही मांडता येतं.

मार्कशीट आधी लेखी मागा. मेलवर, तारखेसह. कोरा चेक सही करून दिलाय का, ते आजच विचारा पोराला.

नांदेडकर_आई

चेक दिलाय म्हणतो 😔

लातूरची_सुनबाई

ताई घाबरू नका हो. त्याला म्हणावं सध्या राजीनामा देऊ नको, आधी काकांना बाँडचा फोटो दाखव. गुरुवारी गावाकडं यायलाव, येऊ का तुमच्याकडं?

पेरोल_ताई

चेक असेल तर जपून. तो वटला नाही तर कंपनी कलम १३८ ची नोटीस पाठवते, आणि ते फौजदारीत जातं. बाकी नोटीस पिरियड हा कधीच पोलिसांचा विषय नसतो, पण चेक होऊ शकतो.

आता मूळ पोराचा हिशोब. वाळूज दादा, आकडे द्या ना, मग नीट सांगता येईल. जॉइनिंग कधी?

वाळूज_एचआर

ग्रॉस ३०,०००, बेसिक १५,०००. राजीनामा १ जूनला देणार. शेंद्र्याला १६ जुलैला जॉइनिंग. अर्न्ड लीव्ह १२ शिल्लक.

पेरोल_ताई

१ जून धरून मोजलं तर ९० वा दिवस २९ ऑगस्टला येतो. १५ जुलैपर्यंत काम केलं की ४५ दिवस भरले, ४५ कमी.

आता लेटरमध्ये बघायचं, पगार म्हणजे कोणता पगार. बेसिक लिहिलं असेल तर दिवसाला ५००, म्हणजे २२,५००. ग्रॉस लिहिलं असेल तर दिवसाला १,०००, म्हणजे ४५,०००. त्याच कमी दिवसांसाठी दुप्पट. नुसतं ‘सॅलरी’ लिहिलं असेल तर एचआर ग्रॉस धरतं आणि पोरगा बेसिक म्हणतो, तिथं भांडण होतं. म्हणून राजीनाम्याच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

रजा नोटीसमध्ये वळती करायला कंपनी तयार झाली तर १२ दिवस वजा, राहिले ३३. मग १६,५०० किंवा ३३,०००. काही ठिकाणी रजा वळती करत नाहीत, वेगळी एनकॅश करतात, तीही बेसिकवर. त्या वेळी वजाबाकी ग्रॉसवर आणि रजेचे पैसे बेसिकवर असा उलटा हिशोब येतो. फुल अँड फायनलचा कागद सही करण्याआधी या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.

आणखी एक. त्या वजाबाकीवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर लगेच हरकत घ्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सीबीआयसीनं स्पष्ट केलंय की नोटीसच्या बदल्यात कापलेल्या पगारावर जीएसटी लागत नाही. जुन्या टेम्प्लेटमध्ये ती ओळ अजून सापडते.

उस्मानपुरा_पीजी

शेंद्र्याकडं वन आरके कितीला मिळतंय सध्या? कोणाला माहीत असेल तर सांगा, भाच्यासाठी पाहिजे. आणि कंपनीची बस वाळूजवरून आहे का?

शिफ्ट_बी

बस कंपनीवर हाय. काहींची सिडकोपर्यंत येती. रूम गावातच बघ, रात्रपाळी असली तर शेंद्र्यावरून यायला लै हाल व्हतात.

काका, बरं झालं सांगितलं. पण नोटीस कधीपासून धरायची? आमचा मॅनेजर म्हणतो राजीनामा स्वीकारलाच नाही, मग ९० दिवस सुरूच झाले न्हाईत.

वाळूज_एचआर

हेच सगळ्यात जास्त अडतं. साध्या नोकरीत राजीनामा म्हणजे कळवणं आहे, परवानगी मागणं नाही. लेटरमध्ये ‘स्वीकारल्यापासून’ असं खास लिहिलं नसेल तर मिळाल्याच्या तारखेपासून दिवस धरतात. म्हणून तोंडी सांगायचं नाही, व्हॉट्सॲपवरही नाही. कंपनीच्या मेलवरून मॅनेजर आणि एचआर दोघांना पाठवायचं आणि स्वतःच्या खाजगी मेलला कॉपी ठेवायची, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचं खातं बंद होतं. मेलमध्ये शेवटचा दिवस तारखेनं लिहायचा: ‘माझा शेवटचा कामाचा दिवस १५ जुलै. उरलेल्या दिवसांतून १२ रजा वळत्या कराव्यात आणि बाकीची वजाबाकी कशी होईल ते कळवावं.’ नव्या कंपनीचं नाव लिहायचं नाही, लागत नाही.

मॅनेजर गप्प बसला तर आठवड्यानं त्याच मेलवर रिप्लाय टाकून आठवण द्यायची. नवीन विषय काढून नवा मेल करायचा नाही, साखळी तुटते.

स्टील_वाला_जालना

खाजगी मेलला कॉपी म्हणताय, पण पोरं त्याच झपाट्यात ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, कस्टमर कम्प्लेंटच्या शीट पण फॉरवर्ड करतात, ‘पुढं कामाला येतील’ म्हणून. तिथं खरं प्रकरण होतं. स्पर्धकाची अट टिकत नसली तरी गोपनीयतेची अट नोकरी संपल्यावरही टिकते. आयटीवाल्यांना लॉगमध्ये सगळं दिसतं, आणि शेवटच्या महिन्याचे मेल आवर्जून बघतात. नेमकी ही एकच गोष्ट दुसऱ्या कंपनीलाही नको असते.

हातातलं कसब, गेज कसं वापरायचं, रिजेक्शन का येतं याची समज, हे घेऊन जाता येतं. फाइल नाही.

शिफ्ट_बी

आन तोच जुना कस्टमर नव्या कंपनीत भेटला तर?

वकीलकाका_जालना

कस्टमरला फोडून न्यायचं नाही, अशी वेगळी अट असते. तिच्यावर कोर्टांचं मत एकसारखं नाही, प्रकरणागणिक बदलतं. क्वालिटीतल्या पोरानं जुन्या कस्टमरचं ऑडिट अटेंड केलं म्हणून कोणी दावा करत नाही. सेल्सवाल्याला मात्र मी हे इतक्या सहज म्हणणार नाही.

पेरोल_ताई

१५ जुलैला संध्याकाळी गेटबाहेर पडण्याआधी रिलीव्हिंग लेटरची तारीख बघ म्हणावं. काही ठिकाणी फुल अँड फायनल झाल्यावर लेटर देतात आणि त्यावर तीच नंतरची तारीख पडते. मग कागदावर १६ जुलैला हा दोन्ही कंपन्यांत दिसतो. लेटर उशिरा येऊ दे, पण आत ‘१५ जुलैच्या कामकाजाअखेर मुक्त’ असं पाहिजे. तोवर तेवढ्या अर्थाचा मेल तरी एचआरकडून घ्यायचा, शेंद्र्याला जॉइनिंगला तो चालतो का ते आधीच विचारून ठेवायचं.

पीएफमध्येही सोडल्याची तारीख हीच आली पाहिजे. कंपनीनं भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर पोराला स्वतः टाकता येते, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो.

नांदेडकर_आई

काका, बाँडचा फोटो पाठवलाय तुम्हाला. दुसऱ्या पानावर रक्कम पेनानं लिहिलीय, बाकी सगळं टाइप हाय. ते चालतं का?

वकीलकाका_जालना

बघतो ताई. त्या आकड्याशेजारी पोराची छोटी सही आहे का, तेवढं विचारून ठेवा. आणि त्याच्याकडची प्रत असेल तर तिच्यातही तोच आकडा आहे का, तेही.

उस्मानपुरा_पीजी

रूमचं कोणी सांगितलं नाही अजून 🙏