मदत हवी आहे: 8-3-2 चं झाड स्लाइडवर कसं दाखवावं?

नमस्कार मंडळी. वाशीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला कंपायलरच्या स्लाइड्स समजावायच्या आहेत. सगळं `8-3-2` या एकाच पदावलीवर बसवलंय.

लेक्सरचा भाग सोपा आहे. टोकन पाच:

```
NUM(8) MINUS NUM(3) MINUS NUM(2)
```

इथे एक खोच मुद्दाम दाखवणार आहे. संख्येच्या नियमात `-?[0-9]+` असं चिन्ह घेतलं, तर लेक्सर सर्वांत लांब जुळणी उचलतो आणि `-3` हे एकच टोकन होतं. मग दोन संख्या लागोपाठ येतात, मधे क्रियाचिन्हच नाही, आणि पार्सर तिथेच सिंटॅक्स एरर देतो. म्हणून वजा वेगळंच ठेवायचं.

अडचण पुढे आहे. `E -> E - NUM | NUM` या व्याकरणाचं झाड डावीकडे वाढतं, उत्तर 3. पण रिकर्सिव्ह डिसेंटमध्ये `E()` टोकन न खाताच पुन्हा `E()` ला बोलावतो आणि स्टॅक भरतो. लेफ्ट रिकर्शन काढल्यावर:

```
E -> NUM R
R -> - NUM R | ε
```

आता झाड उजवीकडे कलतं. मुलं खालून वर मोजत `3-2` आधी करतात आणि उत्तर 7 येतं! डावीकडची किंमत `R` ला पॅरामीटर म्हणून दिली (8, मग 5, मग 3) की उत्तर बरोबर येतं, पण फळ्यावर ते पटकन गळी उतरत नाही.

शिकवणाऱ्यांना विचारतो: हा पॅरामीटर पार्स ट्रीवरच बाणांनी दाखवता, की `R` ऐवजी सरळ `while` लूप लिहून डावीकडे वाढणारं सिंटॅक्स ट्री काढता? माझा कल लूपकडे आहे, पण परीक्षेत व्याकरणच विचारतात.