परफॉर्मन्स मोडमध्येही चित्र अडखळतं. कन्सोल नेमका कुठे कमी पडतोय? (मदत हवी आहे)

रातकिडा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे साधा पीएस५ आहे, प्रो नाही. सध्या बॉल्डर्स गेट ३ खेळतोय आणि तिसऱ्या अंकात, म्हणजे खुद्द शहरात पोचलोय. आधीचे दोन अंक परफॉर्मन्स मोडवर छान चालले. शहरात मात्र गर्दीच्या चौकात कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं. त्याच शहरातल्या एखाद्या रिकाम्या घरात शिरलं की पुन्हा गुळगुळीत. क्वालिटी मोड लावला तर वेग सेकंदाला ३० फ्रेमवर येतो, पण चौकातही बराचसा एकसारखा राहतो.

कुठला मोड लावायचा एवढंच विचारायचं नाहीये. परफॉर्मन्स मोड म्हणजे चित्राची सफाई कमी करायची आणि त्या बदल्यात वेग मिळवायचा, असं मी समजतो. सफाई कमी झालेली मला दिसतेय. मग चौकात वेग का मिळत नाही? आणि यावरून या यंत्राच्या मर्यादेबद्दल काय कळतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

विदर्भी

कन्सोल कुठे ठेवलाय? टीव्हीखालच्या बंद कप्प्यात असेल तर आधी बाहेर काढा. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात कूलर लावूनही खोली तापते. यंत्र तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. माझ्या लॅपटॉपचं रोज हेच होतं. मागची धूळही साफ करा.

टेराफ्लॉप

यात गूढ काही नाही, पीएस५ची ताकदच तेवढी आहे. १०.२८ टेराफ्लॉप. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ वर आहे आणि पीएस५ प्रो १६.७ वर. ग्राफिक्स चिप दमली की फ्रेम पडतात. परफॉर्मन्स मोडमध्ये रिझोल्यूशन अजून उतरवलं असतं तर चाललं असतं, पण डेव्हलपर लोकांना चित्र फार खराब दिसू द्यायचं नसतं. प्रो घ्या, प्रश्न मिटेल.

तिरकी_रेघ

रातकिडा, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. चौकात अडखळतं आणि रिकाम्या घरात नाही, हे तुम्ही बरोबर टिपलंत. मी पुण्यात एका गेम स्टुडिओत ऑप्टिमायझेशनचं काम करते. आम्हीही शोध इथूनच सुरू करतो.

६० फ्रेमसाठी एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि ३० साठी ३३.३. तेवढ्या वेळात सीपीयू म्हणजे मुख्य प्रोसेसर आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप, दोघांचंही काम उरकायला हवं. दोघं बरोबरीने चालतात, त्यामुळे ज्याला जास्त वेळ लागतो तो वेग ठरवतो.

आधी जीपीयूचं बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, या गेममध्ये मोजलेले नाहीत. समजा ४के चित्राला जीपीयूला ३० मिलिसेकंद लागतात. त्यातले २४ पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून आहेत आणि ६ कसंही केलं तरी लागणारच. ४के म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे सुमारे ३७ लाख. १४४०पी वर आलं की ते २४ मिलिसेकंद सुमारे १०.७ होतात. त्यात ६ मिळवले की १६.७, म्हणजे अगदी काठावर. पिक्सेल निम्म्याहून कमी करूनही हातात काहीच उरलं नाही. म्हणून बऱ्याच गेमच्या परफॉर्मन्स मोडमध्ये रिझोल्यूशन १४४०पीच्याही खाली घसरतं.

आता सीपीयू. चौकातल्या प्रत्येक माणसाने कुठे जायचं, कोणाला बघायचं, हातपाय कसे हलवायचे, आणि या सगळ्यातलं काय काय चित्रात काढायचं, ही यादी सीपीयू बनवतो. समजा चौकात त्याला २२ मिलिसेकंद लागतात. क्वालिटी मोडच्या ३३ मध्ये ते आरामात बसतात. परफॉर्मन्स मोडच्या १६.७ मध्ये नाही बसत, आणि रिझोल्यूशन ७२०पी केलं तरी ते २२ चे २२ च राहतात, कारण माणसं तेवढीच आहेत. तुम्हाला मिळतात ४५ फ्रेम, त्याही वरखाली होत. जीपीयू तोवर रिकामा बसतो.

टेराफ्लॉप, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण ते जीपीयूचे आहेत. पीएस५मध्ये सीपीयू झेन २ पिढीचा आहे, आठ कोअर, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत. प्रोमध्येही तीच पिढी आहे आणि तिचा वेग फार तर ३.८५ पर्यंत जातो, म्हणजे दहा टक्के. २२ चे २० होतील. १६.७ मध्ये तेही बसत नाहीत. शिवाय डेस्कटॉपच्या आठ कोअरच्या झेन २ ला ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे चिपवरचीच जलद मेमरी, असते, कन्सोलवर फक्त ८. माणसांची वागणूक ठरवताना सीपीयू मेमरीत इकडेतिकडे सारखा हात घालतो, तिथे हा फरक जाणवतो.

विदर्भी

बरं, पण उष्णतेचं काय? तो मुद्दा सोडलात.

तिरकी_रेघ

तुमच्या लॅपटॉपबाबत तो शंभर टक्के खरा आहे. पीएस५ मात्र तसा बनवलेला नाही. पीएस५ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या सादरीकरणात हे मुद्दाम सांगितलं होतं: घड्याळाचा वेग चिपवर किती काम आहे यावर ठरतो, तापमानावर नाही. म्हणजे नागपूरच्या आणि महाबळेश्वरच्या पीएस५वर तोच प्रसंग सारखाच चालायला हवा. फारच तापला तर तो इशारा देतो. धूळ जरूर साफ करा, पण फक्त चौकात अडखळणं धुळीमुळे होत नाही.

डेट्रॉइटकर

माझाही अगदी हाच त्रास, फक्त गेम वेगळा. फायनल फँटसी १६, पीएस५वरच. फ्रेमरेट मोड लावला की झाडंझुडपं, केस सगळं पुसट दिसतं. वेग मात्र लढाईत चांगला राहतो. म्हणजे माझाही सीपीयूच कमी पडतोय ना?

तिरकी_रेघ

नाही, तुमचं प्रकरण याच्या बरोबर उलट आहे आणि म्हणूनच ते इथे आलं हे चांगलं झालं. त्या गेममध्ये फ्रेमरेट मोडला आतलं रिझोल्यूशन कधी कधी ७२०पीपर्यंत उतरतं आणि मग चित्र ताणून मोठं केलं जातं. त्या बदल्यात लढाईत ६० मिळतात. रिझोल्यूशन उतरवून वेग मिळत असेल, तर अडचण जीपीयूची होती. टेराफ्लॉप यांचं म्हणणं तिथे चपखल बसतं.

दोन्ही मोड एकाच जागी उभं राहून बघण्याची गंमत हीच आहे. चित्र पुसट झालं आणि वेग मिळाला तर जीपीयू. चित्र पुसट होऊनही वेग मिळाला नाही तर बहुतेक सीपीयू. आणखी एक खूण आहे. काही गेम परफॉर्मन्सच्या एखाद्या मोडमध्ये रस्त्यावरची माणसंच कमी करतात. स्पायडर-मॅन रीमास्टर्डमध्ये ६० फ्रेम आणि रे ट्रेसिंग एकत्र देणारा मोड आला, तेव्हा त्यात रिझोल्यूशन आणि प्रतिबिंबांच्या दर्जाबरोबर पादचाऱ्यांची गर्दीही कमी केल्याचं तो गेम बनवणाऱ्या इन्सोम्नियाकने सांगितलं होतं. नुसते पिक्सेल कमी करून भागलं असतं, तर माणसांना हात कशाला लावला असता? रे ट्रेसिंगचा भार फक्त जीपीयूवर पडतो असं समजू नका. हलणाऱ्या प्रत्येक माणसासाठी प्रकाशकिरण तपासायची रचना पुन्हा पुन्हा जुळवावी लागते, आणि त्यातलं काही काम सीपीयूकडे येतं.

टेराफ्लॉप

प्रोचा मुद्दा पटला. पण मग डेव्हलपरनी कोड नीट लिहावा की! दर वेळी सीपीयूच्या नावावर कसं ढकलायचं? याच गेममध्ये चोऱ्यांचा बग निघाला होता, आठवतंय?

तिरकी_रेघ

आठवतंय, आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. खेळाडूने चोरी किंवा तोडफोड करून सुटका करून घेतली, तरी गेम त्या गुन्ह्यांचा विचार करतच राहायचा. यादी वाढत जायची आणि गेम मंदावत जायचा. गेम बनवणाऱ्या लारियनने डिसेंबर २०२३ मध्ये ते दुरुस्त केलं. त्यात एकाही पिक्सेलचा संबंध नव्हता. म्हणून सीपीयूची मर्यादा आणि कोडची मर्यादा बाहेरून बघून वेगळ्या करता येत नाहीत. मोड बदलून एवढंच कळतं की अडचण पिक्सेलची आहे की नाही.

रातकिडा

तिरकी_रेघ, मनापासून धन्यवाद. आज नीट बघितलं. चौकात एका जागी उभं राहून दोन्ही मोड लावले. परफॉर्मन्समध्ये हिसके, क्वालिटीत ३० च्या आसपास स्थिर. मग तिथेच परफॉर्मन्स मोडमध्ये कॅमेरा अगदी खाली, फरसबंदीकडे वळवला, तर लगेच गुळगुळीत झालं. इथे मी अडलो. माणसं तर अजूनही आजूबाजूला फिरतायत. सीपीयूचं काम तेवढंच असेल तर वेग का वाढला? मग जीपीयूच ना?

तिरकी_रेघ

चांगला प्रश्न. सीपीयूचं काम तेवढंच राहिलं नाही. कॅमेऱ्यात जे दिसत नाही, ते काढायच्या यादीतून गळतं, आणि ती यादी सीपीयूच बनवतो. लांबच्या किंवा न दिसणाऱ्या माणसांच्या हालचाली बरेच गेम कमी वेळा मोजतात. त्याच वेळी जीपीयूचंही काम घटलं. म्हणून खाली बघण्याच्या चाचणीवरून दोघांपैकी कोण, हे सांगता येत नाही. दोन मोडची तुलना त्यापेक्षा विश्वासाची. तुमच्या चौकात त्या मनुष्यगर्दीतलं किती काम डोक्याचं, म्हणजे वाट शोधण्याचं, आणि किती चित्र काढायला देण्याचं, हे आतली मोजणी बघितल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही.

डेट्रॉइटकर

व्हीआरआर असलेला टीव्ही घेतला तर हे हिसके जातील का? रातकिडा यांचे आणि माझेही?

तिरकी_रेघ

व्हीआरआर म्हणजे टीव्हीने आपला वेग गेमच्या फ्रेमशी जुळवून घेणं. पीएस५चं व्हीआरआर ४८ हर्ट्झपासून पुढे काम करतं. ५२-५५ वर रेंगाळणारा गेम त्याने छान सावरतो. फ्रेम ४८ च्या खाली गेल्या, की नेमक्या गरजेच्या वेळी त्याचा उपयोग संपतो. तुमच्या गेमला फायदा होईल, पण पुसटपणा तसाच राहील. रातकिडांच्या चौकासाठी मी नवा टीव्ही घ्यायला सांगणार नाही. लढाई आळीपाळीने खेळायची आहे, तेव्हा शहरापुरता क्वालिटी मोड लावा. तिथे निदान प्रत्येक फ्रेम सारख्या अंतराने येते.

रातकिडा

तसंच करतो. शेवटचं एक: सुट्टीत बहीण येणार आहे, दोघं स्प्लिट स्क्रीनवर खेळायचं म्हणतोय. पडदा अर्धा अर्धा, म्हणजे पिक्सेल तेवढेच. तरी भार वाढेल?

तिरकी_रेघ

वाढेल, आणि तोही सीपीयूवरच जास्त. पिक्सेल तेवढेच असले तरी काढायच्या याद्या दोन झाल्या. ताई गटारात आणि तुम्ही चौकात असाल, तर गेमला दोन्ही जागा एकाच वेळी जागत्या ठेवाव्या लागतात, मेमरीतसुद्धा. एक्सबॉक्स सिरीज एसवर हा गेम स्प्लिट स्क्रीनशिवाय आला, तो उगाच नाही. तिथे मेमरी १० जीबी आहे, तुमच्याकडे १६. तुमच्याकडे चालेल, पण ३० चीच अपेक्षा ठेवा आणि शहरात शक्यतो एकमेकांच्या जवळ राहा. खेळून झालं की काय दिसलं ते इथे नक्की लिहा, दोघं लांब असताना किती फरक पडतो ते मलाही बघायचंय.