मदत हवी आहे: तिमाही आढाव्याच्या स्लाइडवर ‘प्रत्यक्ष विक्री’ म्हणून कोणता आकडा दाखवू?

आमच्या रीजनल मॅनेजरसाठी जुलै-सप्टेंबरच्या आढाव्याची स्लाइड करतोय. माल बिस्किटं-फरसाणाचा, विक्री डिस्ट्रिब्युटरमार्फत. रीजनचं टार्गेट ४.२० कोटी, प्रायमरी म्हणजे डिस्ट्रिब्युटरला केलेलं बिलिंग ४.१२ कोटी. म्हणजे ९८ टक्के, दिसायला झकास.

गोम कोल्हापुरात आहे. तिथलं टार्गेट १.१० कोटी, बिलिंग १.२४ कोटी, पण सेकंडरी म्हणजे दुकानांपर्यंत गेलेला माल ८६ लाखांचाच. (डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन वजा करून आमच्याच बिलिंग रेटने काढलाय.) उरलेला ३८ लाखांचा माल गोदामात पडून आहे आणि बहुतेक बिलं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. दिवाळीचा साठा म्हणावा, तर बाकीच्या जिल्ह्यांत असं काही दिसत नाही. ऑक्टोबरची ऑर्डर आटणार हे उघड आहे.

जिल्हावार टार्गेट-प्रत्यक्ष असे जोडखांब काढून पाहिले, तर कोल्हापूरच सगळ्यात उंच दिसतं. टक्केवारीला लाल-हिरवा रंग दिला, तर तेच हिरवंगार.

टार्गेट आणि इन्सेंटिव्ह दोन्ही प्रायमरीवर ठरलेत, त्यामुळे तो आकडा स्लाइडवरून काढून टाकता येत नाही. स्लाइड एकच, हेड ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये, बोलायला पाच मिनिटं. साहेबांना तपशील माहीत आहे, लपवायचं नाही म्हणतात.

मग सेकंडरी आणि वाढलेला साठा त्याच तक्त्यात शेजारी द्यावा, की फक्त कोल्हापूरपुरती खाली एक ओळ लिहावी? आणि मथळ्यात ९८ टक्के ठेवावं का?