प्रतिसाद: साइड प्रोजेक्टचं ऑफिसला कधी सांगायचं?

> रात्री घरी बसून एक छोटं अ‍ॅप बनवतोय. ऑफिसला आत्ताच सांगू की पैसे यायला लागल्यावर?

आत्ताच सांगा, आणि त्याआधी नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचा. ‘दुसरी नोकरी करू नये’ हे कलम सगळे वाचतात. खरा घोळ होतो तो मालकीच्या कलमात. कंपनीच्या कामाशी संबंधित किंवा कंपनीच्या साधनांवर तयार झालेली गोष्ट कंपनीची, असं त्यात बरेचदा लिहिलेलं असतं, मग ती तुम्ही रात्री अकराला का केलेली असेना.

माझ्या एका मित्राने वर्षभर स्वतःच्या लॅपटॉपवर बिलांचं अ‍ॅप लिहिलं. एकदाच, घाईत, ऑफिसच्या लॅपटॉपवरून दुरुस्ती केली. पुढे अ‍ॅप विकत घ्यायला आलेल्याने कोडचा इतिहास तपासला, तर त्यात ऑफिसचा ईमेल! कंपनीचं ना-हरकत पत्र येईपर्यंत व्यवहार अडला. फार वाईट वाटलं मला. तुमच्याकडे असं काही आहे का, हे लगेच कळेल:

```
git log --all --format='%ae' | sort -u
```

ऑफिसचा पत्ता दिसला तर इतिहास पुसू नका, ती लपवाछपवी ठरते. परवानगीच्या ईमेलमध्येच तसं लिहा. अ‍ॅप काय करतं, कोणत्या वेळेत आणि कोणत्या मशीनवर बनतं, कंपनीच्या ग्राहकांना विकणार नाही, एवढं सांगा आणि एचआरकडून लेखी उत्तर मागा. साहेबांच्या तोंडी होकारावर थांबू नका. साहेब बदलले की तो होकारही त्यांच्याबरोबर जातो.