मदत हवी आहे: दोन १२५ सीसी स्कूटर, मायलेजचे आकडे जुळत नाहीत

सुदामानगर
या आठवड्यात स्कूटर घ्यायची आहे. 'अ' चे मालक नेटवर ४८ सांगतात, 'ब' चे ५३. म्हणून ओळखीच्यांकडून नोंदी मागवल्या, तर तीच 'अ' एकदा ५५ देते, एकदा ४२! 'ब' ठरवू का? लवकर सांगा.

रामबागकर
किती वेळा भरलं, किती लिटर, किती किमी?

सुदामानगर
दर वेळी फुल टाकी. 'अ': १६८ किमीला ३.०५ लिटर, मग १५० ला ३.६०, मग १७१ ला ३.५०. 'ब': एकदाच, १६० ला ३.००. मॉडेलची नावं मुद्दाम टाळतोय, नाहीतर इथे ब्रँडवरून भांडणं होतील.

महूवाला
फुल टाकीवर भरवसा नाही. टाकी कोरडी करा, मोजून १ लिटर ओता, बंद पडेपर्यंत चालवा.

रामबागकर
इंजेक्शनच्या गाडीत असं करू नका. पंप टाकीतच असतो, त्याला पेट्रोलच थंड ठेवतं.

'अ' मध्ये काही बिघाड नाही. ५५ च्या लगेच पाठोपाठ ४२ आले, हीच खूण. पहिल्या वेळी नोझल लवकर कट झाली, टाकी थोडी अधुरी राहिली, म्हणून पेट्रोल कमी लागल्यासारखं दिसलं. ती तूट पुढच्या भरण्यात निघाली. दोन्ही जोडा: ३१८ किमी, ६.६५ लिटर, म्हणजे ४७.८. तिसरी नोंद ४८.९. तिन्ही मिळून ४८९ भागिले १०.१५, म्हणजे ४८.२.

'ब' ची एकच नोंद आहे. साइड स्टँडवर भरलं तरी ०.२५ ते ०.३० लिटरचा घोळ होऊ शकतो. ३.०० ऐवजी ३.३० लागले असते तर ५३ चे ४८.५ झाले असते. तुमचा सगळा फरक त्या एका भरण्यात मावतो. दहा लिटरच्या हिशोबात तेवढाच घोळ ३ टक्क्यांवर येतो.

विजयनगर_चौक
माझी जुनी बाइक ई२० मुळे २० टक्के कमी देते. कार्बोरेटर बदलायला किती लागतील?

महूवाला
इथेनॉल २० टक्के म्हणून मायलेज २० टक्के घटत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई१० वर जुळवलेल्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. बाकीचं कारण गाडीत शोधा. सुदामानगर, नेटवरचे ते आकडे कोणत्या वर्षाचे आहेत तेही बघा.

सुदामानगर
तारखा बघतो. एक सांगायचं राहिलं, 'ब' वाला रोज देवासला जातो. 'अ' राजवाड्याच्या गर्दीतच असते.

रामबागकर
अहो, हे आधी सांगायचं! मोकळ्या रस्त्याचे ५३ आणि गर्दीतले ४८ यांची तुलनाच होत नाही. 'ब' आठवडाभर शहरात चालवायला सांगा. पंप तोच, मेन स्टँडवर, पहिल्या कटला थांबायचं, किमान तीन भरणी.

महूवाला
दोन्हींचं किमी मीटरही मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा.

सुदामानगर
आठवड्यात तीन भरणी होणार नाहीत. बुकिंग पुढे ढकलावं लागेल.