शब्दचर्चा : `null` ला मराठीत काय म्हणावं? शून्य, निरंक की रिकामं?

धरमपेठकर: पावसाच्या नोंदींची सीएसव्ही फाइल जेसनमध्ये नेणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय आणि त्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. प्रत्येक ओळीचा एक ऑब्जेक्ट होतो आणि सगळ्यांचा मिळून एक अ‍ॅरे. आकडे अवतरणचिन्हांत न जाता आकडे म्हणूनच जातात. अडलंय एका वाक्यावर: "रिकाम्या रकान्यात ___ येईल." तिथे `null` येतं. शब्द सुचवा. नमुना असा, आकडे काल्पनिक:

```
kendra,code,paus
काटोल,007,12.5
नरखेड,012,
रामटेक,019,0
```

महालवाला: शब्द तयारच आहे भाऊ: निरंक. अंक नाही तो निरंक. सरकारी तक्त्यांत रोज दिसतो. उगाच नवीन कशाला घडवता?

सीताबर्डीची ताई: माझ्याकडेही सीएसव्हीचाच त्रास आहे. एक्सेलमध्ये उघडली की मराठी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. जेसन केलं तर ते जाईल का?

निवृत्त नोंदणी लिपिक: ताई, तुमचा प्रश्न एन्कोडिंगचा आहे, जेसनने तो सुटणार नाही. फाइल `utf-8-sig` मध्ये सेव्ह करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

महालवाले, व्युत्पत्ती तुमची बरोबर, वापर मात्र वेगळा. तक्त्यात "निरंक" लिहितो तो माणूस बघून लिहितो, की कळवण्यासारखं काही नाही. पावसाच्या रकान्यात निरंक म्हणजे पर्जन्यमापक पाहिला, पाऊस नव्हता. ते शून्य झालं. नरखेडचा रकाना रिकामा आहे, म्हणजे त्या दिवशी कुणी मापक पाहिला की नाही हेच माहीत नाही. रामटेकला 0 आहे, म्हणजे पाहिला आणि कोरडा होता. तिन्ही केंद्रांची सरासरी काढा. नरखेड बाजूला ठेवलं तर 12.5 आणि 0 ची सरासरी 6.25 मिमी. नरखेडला शून्य धरलं तर 4.17. एका रकान्याने एवढा फरक पडतो.

महालवाला: म्हणजे शब्द चुकला तर पाऊसही चुकतो म्हणा ना! पण प्रोग्राम रिकाम्याला शून्य करेलच कशाला?

निवृत्त नोंदणी लिपिक: करतो ना. जावास्क्रिप्टमध्ये `Number("")` चं उत्तर 0 येतं, तक्रार न करता. पायथॉनमध्ये `float("")` निदान एरर देऊन थांबतं. मी तर एररच पसंत करेन. पँडासची गंमत तिसरीच. पूर्णांकांच्या रकान्यात एक जागा रिकामी असली की 450 चं 450.0 होतं आणि रिकाम्या जागी `NaN` येतं. तेच पायथॉनच्या `json.dumps` ने लिहिलं तर फाइलमध्येही `NaN` उतरतं. जेसनच्या नियमांत ते बसत नाही, समोरचा प्रोग्राम फाइल नाकारू शकतो. म्हणून मी हाताने लिहितो:

```python
def ank(s):
    s = s.strip()
    return None if s == "" else float(s)
```

`None` चं जेसनमध्ये आपोआप `null` होतं. `strip` ठेवाच, नुसती स्पेस असलेला रकाना डोळ्यांना रिकामाच दिसतो.

धरमपेठकर: काका, मग `code` पण `ank` मधून काढू का? आकडेच तर आहेत.

निवृत्त नोंदणी लिपिक: नाही. 007 चं 7.0 होईल आणि केंद्र सापडणार नाही. आपल्या नागपूरचा एसटीडी कोड 0712 घ्या, आकडा केला की 712 उरतो. शून्य राखून अवतरणाशिवाय 0712 लिहिलं तर ते वैध जेसनच नाही. ज्याची बेरीज कधी करणार नाही ते अक्षरच राहू द्या. कुठल्या रकान्याला `ank` लावायचं ते नाव घेऊन ठरवा, प्रोग्रामला ओळखू देऊ नका.

सीताबर्डीची ताई: माझ्या फाइलमध्ये आकडे देवनागरीत आहेत, ४५० असे. ते चालतील?

निवृत्त नोंदणी लिपिक: पायथॉनचं `float("४५०")` चालतं, 450.0 देतं. जावास्क्रिप्टचं `Number` मात्र `NaN` देतं.

धरमपेठकर: आता वाक्य असं लिहितो: "रिकाम्या रकान्यात `null` येईल, म्हणजे नोंद नाही." जमेल?

महालवाला: "नोंद नाही" दोन शब्द झाले, पण ठीक आहे. मी तरी "अनोंद" म्हणेन.

निवृत्त नोंदणी लिपिक: "अनोंद" कानाला खटकतं बा. "नोंद नाही" ठेवा.

धरमपेठकर: एक राहिलंच. जुन्या फाइलमध्ये काही रकान्यांत नुसती आडवी रेघ आहे, आणि दोन ठिकाणी खरोखर "निरंक" लिहिलंय. `float` दोन्हींवर अडकतं.

निवृत्त नोंदणी लिपिक: अडकू द्या, म्हणून तर कळलं. "निरंक" ला 0 करा, पण ते कोडमध्ये उघड लिहा. रेघेचं मी सांगू शकत नाही. कुणी पाऊस नाही म्हणून रेघ मारतं, कुणी नोंद नाही म्हणून. ज्या केंद्राची फाइल आहे तिथे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा.

महालवाला: आमच्या तालुक्यात रेघ म्हणजे कोरडं.

निवृत्त नोंदणी लिपिक: आमच्याकडे रेघ म्हणजे सुट्टी होती.